पाचव्या सांध्याची नोंद

आमच्या ऑफिसात तिला सगळे गजरबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे गजरबाई. रोज सकाळी नऊ पंचावन्नला तिच्या फोनवर गजर वाजायचा आणि कोणीतरी हळूच म्हणायचं, "चला, समाधी लागायची वेळ झाली." तिला ते ऐकू जायचं. ती हसायची, पण उठून आपलं काम सुरू करायची.

मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. इमारती, शेड, पुलांचे लोखंडी सांगाडे यांचं डिझाइन करणारं ते छोटं ऑफिस. वर साहेब, खाली आम्ही सात जण. डिझाइन करणारे दोन तरुण इंजिनियर, आणि त्यांचं प्रत्येक गणित तपासायचं काम एकट्या मॅडमचं. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पहिल्यात माझ्या नावाची दोन अक्षरं, दुसऱ्यात तिची, तिसऱ्यात साहेबांची.

दहा ते साडेअकरा हा तिचा वेळ होता. हा नेम तिने कुठल्या पुस्तकातून उचलला नव्हता. काही वर्षांपूर्वी तपासणी चालू असताना तिला कोणीतरी तीनदा उठवलं होतं, आणि त्या गडबडीत एक तुळई चार बोटं आखूड मंजूर झाली होती. कोणाला इजा झाली नाही, पण क्रेन लावलेली असताना तुळई हवेत लटकत राहिली आणि ते बघायला तिला साइटवर उभं राहावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून गजर सुरू.

गजर झाला की ती अर्धा ग्लास पाणी प्यायची, फोन खणात टाकायची आणि खुर्ची भिंतीकडे वळवायची. मग जाड पुठ्ठ्याची शिवलेली वही उघडून आदल्या दिवशीची शेवटची नोंद वाचायची. ती वाचून झाल्यावरच एका कार्डावर त्या दिवसाचं एकच काम लिहायचं आणि कार्ड समोर उभं करायचं. दोन कामं कधी नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "दादा, दोन लिहिली की डोकं सोपं असेल ते आधी करतं."

अकरा पंचवीसला दुसरा गजर. उरलेली पाच मिनिटं नोंदीची: काय झालं, कुठे अडलं, उद्या कुठून सुरू करायचं. "उद्याची मी आजच्या मला ओळखत नाही," ती म्हणायची. "तिला पत्ता लिहून ठेवावा लागतो."

त्या वर्षी आमच्याकडे एका बस डेपोच्या पाण्याच्या टाकीचं काम आलं. उंच लोखंडी मनोरा, आठ खांब, त्यावर तुळया आणि तुळयांवर टाकी. अर्धं डिझाइन झाल्यावर डेपोवाल्यांनी टाकी दीडपट मोठी मागितली. तुळया वाढवल्या, खांब वाढवले. तुळई जिथे खांबाला बोल्टांनी जोडतात ते आठ सांधे मात्र जुन्या टाकीच्या हिशेबाचेच राहिले असावेत, अशी मॅडमला शंका आली.

बुधवारी तिच्या कार्डावर होतं: टाकी, आठही सांधे. साडेदहाला साहेबांनी तिला उठवलं. दुसऱ्या एका कामाचा माणूस आला होता, त्याच्यासमोर चेहरा दाखवायचा होता. चाळीस मिनिटं गेली. परतल्यावर ती बसली, पण आठ सांध्यांतले पाचच झाले. अकरा पंचवीसला तिने नोंद लिहिली. ती मी पुढे इतक्यांदा वाचली की पाठ आहे: "चार कोपरे झाले, ठीक. पाचवा मधला, भार कोपऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. नकाशात चार बोल्ट, माझ्या हिशेबात सहा. आकडा पुन्हा ताडून पाहणे. सहा, सात, आठ बाकी. उद्या इथूनच. तोवर नकाशा सोडू नये."

गुरुवारी पहाटे तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. तिचं माहेर सासर सगळं एकाच माणसात उरलं होतं. नवरा कधीच वेगळा झालेला, मूलबाळ नाही. ती दवाखान्यात बसून राहिली. ऑफिसला फक्त निरोप आला.

शुक्रवारी दुपारी कंत्राटदाराचा माणूस नकाशे न्यायला येऊन बसला. साहेब माझ्या टेबलाशी आले.

"टाकीचं दे काढून."

"मॅडमची अक्षरं पडली नाहीत अजून."

"तिचं झालंय. बुधवारी दिवसभर तेच करत होती ना? टाक तू."

"एक फोन करून विचारतो."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटावी. "तिचा बाप आयसीयूत आहे. माणुसकी आहे की नाही काही?"

मी दुसऱ्या चौकोनात तिची दोन अक्षरं टाकली. कीबोर्डवर दोन कळा दाबायला किती वेळ लागतो?

सोमवारी ती आली. डोळे आत गेलेले, साडी इस्त्रीची नव्हती. तिला असं मी पहिल्यांदा पाहत होतो. नऊ पंचावन्नला गजर झाला. पाणी पिऊन तिने फोन खणात टाकला, वहीवर हात ठेवला. तेवढ्यात साहेब नव्या कामाची फाइल घेऊन शेजारी उभे राहिले.

"आधी हे. दुपारपर्यंत पाहिजे."

"टाकीचं राहिलंय माझं."

"टाकी गेली शुक्रवारी."

ती माझ्याकडे वळली. "गेली? तपासलं कोणी?"

साहेब तिथेच उभे होते. मी म्हणालो, "साहेबांनी पाहिलं."

क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली. मग वही न उघडताच तिने बाजूला सरकवली, कोरं कार्ड घेतलं आणि नव्या कामाचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी नोंद वाचली ती सोमवारची. बुधवारचं पान मागे गेलं.

मनोरा उभा राहिला. डेपोला पाणी दिवसाआड यायचं, म्हणून चाचणीसुद्धा अर्ध्या टाकीवर उरकली होती. पाच महिने टाकी अर्धीच भरत राहिली. मग नवी पाइपलाइन जोडली आणि एका सकाळी टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली. साडेनऊला मधला एक सांधा सुटला आणि टाकी खाली आली. खाली बस धुणं चाललं होतं. धुणाऱ्या दोघी बायका आणि एक मेकॅनिक जागच्या जागी गेले. मेकॅनिक गाडीखाली आडवा होता. त्याला वर पाहायलाही मिळालं नाही.

बातमी ऑफिसात आली तेव्हा सव्वादहा झाले होते. मॅडमची खुर्ची भिंतीकडे होती. कोणाची हिंमत होईना. शेवटी मीच गेलो आणि खांद्याला हात लावला. काय झालं ते सांगितलं. ती वही उघडून मागे मागे पानं उलटत गेली. बुधवारचं पान सापडलं, तिने ते वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, बोट ठेवून, लहान मूल वाचतं तसं.

दुपारी साहेबांनी दार लावून आम्हा दोघांना बसवलं.

"साइटवर हलके बोल्ट वापरलेत. मला कळलंय. दोष त्यांचा आहे."

"बोल्ट हलके असतील," मॅडम म्हणाली. "कमीही होते. चार."

"ते फक्त तुझ्या वहीत आहे. पान फाड."

"शिवलेली वही आहे. हे फाडलं तर त्याच्या जोडीचं पान सुटतं. मग तेही फाडावं लागेल."

"मग वहीच जाळ! तुझं काय होईल कळतंय का तुला? तुला माहीत होतं असा अर्थ निघतो त्यातून."

"तोच निघायला हवा," ती म्हणाली.

चौकशी समितीसमोर ती वही घेऊन गेली. मीही बाकावर होतो. त्यांनी विचारलं, चार बोल्ट अपुरे आहेत हे तुम्हाला कधी माहीत झालं? "बुधवारी." मग सोमवारी काय केलंत? "वही उघडली नाही." का? "रोज उघडत होते. त्या दिवशी नाही." लिहून घेणाऱ्याने मान वर केली, आणखी काही येईल म्हणून वाट पाहिली, आणि पूर्णविराम दिला.

तिचं झाल्यावर माझी पाळी आली. अक्षरं कोणी टाकली, हे मी खरं सांगितलं. ती आधी बोलली नसती तर सांगितलं असतं का, हे मी अजून स्वतःला विचारत नाही.

अहवालात चौघांवर ठपका आला. कंत्राटदार आणि साहेब यांच्यावर खटला सुरू आहे, तारखा पडतात. मॅडमचा तपासणीचा परवाना काढून घेतला. मला ताकीद. ऑफिस बंद पडलं आणि आम्ही पांगलो.

वर्षभराने मी तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला. वडील पलंगावर, उजवी बाजू गेलेली. ती आता एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवते, तेही संध्याकाळी. सकाळी दहाला कामाला बसता येत नाही, म्हणाली. काहीही समोर घेतलं तरी हात गार पडतात. म्हणून त्या वेळेत वडिलांची अंघोळ ठेवली आहे.

मी मनात घोकून आलो होतो ते बोललो. "मॅडम, सोमवारी मी खोटं बोललो. साहेबांनी काही पाहिलं नव्हतं. अक्षरं मीच टाकली होती."

"माहीत आहे."

"समितीपुढे कळलं तुम्हाला."

"नाही हो, दादा. तेव्हाच कळलं होतं. तुमचं तोंड पाहूनच." ती वडिलांच्या उशीचा अभ्रा बदलत होती, माझ्याकडे पाठ करून. "रात्रंदिवस दवाखान्यात होते. वही उघडली असती तर भांडावं लागलं असतं, नकाशे परत मागवावे लागले असते. अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, कोणीतरी पाहिलं म्हणताहेत ना, मग पाहिलं असेल."

मला वाटलं होतं, तिने मला चार शब्द सुनावावेत. मग मी हलका होऊन जिना उतरलो असतो. तिने ते केलं नाही. पलंगावरून घोगरा आवाज आला. मला शब्द कळले नाहीत, तिला कळले. तिने वडिलांना एका कुशीवर केलं आणि मला म्हणाली, "जरा पाय धरता का? एकटीला जड जातात."

मी पाय धरले. ते खरोखरच जड होते. तिने चादर ओढून घेतली, नवी घातली, चारी कोपरे खोचले. मग आम्ही त्यांना परत सरळ केलं.