पिशवी सोडून नऊ इंच

रोपवाटिकेत सगळे तिला टेपमावशी म्हणत. शिवणकाम सुटून वीस वर्षं झाली होती, पण गळ्यातली टेप काही सुटली नव्हती. आता ती त्या टेपने रोपं मोजायची, फोनवरच्या विक्रीसाठी त्यांचं वर्णन लिहायची आणि खोकीही तीच बांधायची. संध्याकाळपर्यंत पाठीचा पार भुगा व्हायचा.

त्या दिवशी लिंबाचं तिसरं रोप परत आलं. 'पंधरा इंच सांगून एवढंसं पाठवलं' अशी तक्रार होती. आणखी एक तक्रार आली तर लिंबाची रोपं विक्रीतून काढणार, असं विक्रीच्या संकेतस्थळाने कळवलं होतं. मागे शेडमध्ये साठ रोपं उभी होती.

"मावशी, तुमची टेप आखडली की काय?" मालक म्हणाला.

तिने फोन उघडला. तक्रारीसोबतचा फोटो पाहिला. गिऱ्हाइकाने पट्टी मातीवर टेकवून रोप मोजलं होतं. घोळ कुठे झाला ते तिला कळलं. ट्रक भरून रोपं नेणारे व्यापारी जमिनीपासून मोजतात, सहा इंचांच्या पिशवीसकट. वीस वर्षं तिनेही तसंच मोजलं होतं. घरी खोकं उघडणाऱ्याला हे कोण सांगणार?

"पिशवी सोडून नऊ इंच. असं लिहिते."

"नऊ? अहो, नऊ इंच कोण घेईल? जरा सांभाळून घ्या ना!"

"सांभाळायला अंगात जोर नाही राहिला, दादा. खरं लिहिणं सोपं पडतं."

मालक पुटपुटत पाण्याची नळी गुंडाळायला गेला. ती थकल्या बोटांनी लिहीत बसली:

'रोपाची उंची मातीपासून नऊ इंच, पिशवी वेगळी. पानं दहा-बारा. आल्या आल्या खोकं उघडा, आठवडाभर सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात. वरची माती सुकली की पाणी. लगेच कुंडी बदलू नका, खत घालू नका. प्रवासाने दोन-चार पानं पिवळी होऊन गळतील. घाबरू नका.'

चार दिवस एकही मागणी आली नाही. मालक रोज नुसता साठ रोपांकडे बघून उसासा टाकायचा. बोलण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

पाचव्या दिवशी एक मागणी आली. तिने आदल्या दिवशी पाणी घातलेलं रोप निवडलं. माती सांडू नये म्हणून पिशवीचं तोंड बुंध्याशी बांधलं, खोडाला काठी दिली, पानांभोवती कागद सैल गुंडाळला. खोक्याला हवेची भोकं पाडली, रोप आत हलणार नाही असं बसवलं आणि वरची बाजू दाखवणारा बाण पेनाने रेखला.

आठवड्याने निरोप आला: 'तीन पानं गळाली. तुम्ही लिहिलं होतं म्हणून घाबरले नाही. आता नवा कोंब दिसतोय. बहिणीसाठी अजून दोन पाठवा.'

मालकाने तो मोठ्याने वाचला. "मावशी, चहा घ्या आधी."

"आधी उरलेली मोजते," ती म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि टेपचं टोक मातीवर टेकवलं.