रेषेवरून सुटलेला कोयता

ही गोष्ट मी घरीसुद्धा सांगितलेली नाही. बोलायचं टाळणं हा माझा जुना स्वभाव, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजली होती.

देवळाली प्रवरेत खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी ॲनिमेशनची कामं करतो. एका संस्थेनं ऊसतोड कामगारांसाठी फिल्म सांगितली होती, तोडताना इजा कशी टाळायची, अशी. त्यात कोयता चालवणारी बाई होती. तिचा शॉट मी तिसगावकडच्या एका मुलीला दिला. तीन महिन्यांच्या बोलीवर आलेली. हा शॉट पसंत पडला की कायम करायचं ठरलं होतं. तिचे आईवडील दर हंगामाला तोडीला जात. लहानपणी तीही उसाच्या फडात राहिलेली.

तिनं शॉट दाखवला तेव्हा मी म्हणालो, "झटका बसतोय गं. जरा मऊ कर."

"सर, कोयता तसाच बसतो," ती म्हणाली आणि मोशन पाथ लावून दाखवला. कोयत्याचं टोक हवेतून जिथून जातं त्याची रेष, आणि रेषेवर प्रत्येक फ्रेमचं एक टिंब. टिंबं जवळजवळ असली की हात हळू, लांबलांब असली की वेगात. वर उचललेल्या कोयत्यापाशी टिंबांची गर्दी होती, खाली येताना ती फाकत गेली होती आणि उसाच्या बुडख्याशी, वेगातच, रेष संपत होती. कमान अशी, की कुठं खड्डा नाही, कोपरा नाही.

"ठीक आहे," मी म्हणालो.

मग ती बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेली आणि मी तिची फाईल उघडली. आमच्या वावरात ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, मी त्या बांधावरून पाहिलेल्या. तेवढ्यावर मला वाटलं, की आपल्याला कळतं. कोयत्याच्या वाटेत मध्येच हाताची एक पोज घातली, उसाशी वेग मंद होईल असा ग्राफ वाकवला, सेव्ह केलं. तिला सांगितलं नाही.

ती परतली त्याच दुपारी संस्थेचे गृहस्थ आले. तरुणपणी स्वतः तोडीला गेलेले. शॉट पाहून हसले.

"अहो, ही बाई हिरीत बुडून ऊस तोडती का काय? कोयता नुसता तरंगतोय. आन् मधीच हिसका कशाचा?"

ती माझ्या शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "नवीन आहे. शिकतेय."

"मंग जुन्या मानसाकडं द्या हे."

ते गेल्यावर तिनं फाईल उघडली. पाथ पडद्यावर होताच, पण तो तिनं काढलेला जुना. नव्यानं मोजायला सांगितल्याशिवाय तो बदलत नाही, हे मी विसरलो होतो. तिनं शॉट चालवला. कोयता निघाला, अर्ध्यावर रेष सोडून बाहेर गेला.

"सर, रेष माझी हाय. कोयता माझा न्हाई."

मी म्हणालो, "जाताना तूच काहीतरी हलवलं असशील."

तिनं माउस हातात घेतला. "व्हय, असंल."

तिनं पाथ अपडेट केला. आता मध्ये चक्क एक कोपरा, त्याच्या आधी टिंबांत मोठी फट. आणि उसाजवळ टिंबं एकमेकांना चिकटलेली. माझा हिसका आणि माझं तरंगणं, दोन्ही रेषेवर उघडी पडली होती. तिनं मधली पोज पुसली, उसाशी ग्राफचा वाकवलेला भाग पुन्हा ताठ केला, पाथ परत मोजला. घरी जाताना मात्र टेबलावरचा आपला हेडफोन पिशवीत घातला, रोज तिथंच असायचा तो. बोली संपायला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आल्यावर मी गृहस्थांना फोन लावला, स्पीकरवर.

"तो शॉट मी बिघडवला होता. तिचा मुळात बरोबर होता. ती गावी असताना मी बदलला आणि तिच्यावर ढकललं."

पलीकडून प्रश्न आला, "तुमी कदी ऊस तोडलाय का?"

"नाही. आमच्याकडे तोडणारे यायचे."

"मंग हात कशाला लावला? त्या ताईंचाच पाठवा मला."

ती खाली मान घालून माउस हलवत होती. मी म्हणालो, "काल तोंडावर खोटं बोललो. चुकलं माझं." माफी मागायची मला सवय नव्हती.

"मला कालच कळलं हुतं, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलता का बघत हुते."

शॉट पसंत झाला आणि ती कायम झाली. तरी आठवडाभर तिचा हेडफोन संध्याकाळी पिशवीतच जात होता. मी मोजत होतो, विचारायची हिंमत नव्हती. एका शनिवारी तो टेबलावर राहिला. जिना उतरता उतरता ती म्हणाली, "सर, माझ्या फायलीला हात लावला, तर निदान पाथ अपडेट करत जा. म्हंजी मला लगीच दिसंल, चोर कुन्या वाटंनं गेलाय ते."