दोन खांद्यांवरचा पदर

पिनआत्याच्या तोंडात शब्दांपेक्षा सेफ्टी पिना जास्त असतात. नवरीला साडी नेसवताना तिला दोन हात पुरत नाहीत, म्हणून ती पिना ओठांत धरते आणि दातांच्या फटीतून हुकूम सोडते. पोट आत घे, हनुवटी वर कर, मैत्रिणीकडे बघून नंतर हस. नवरीच्या आईपासून नवरदेवाच्या मामापर्यंत सगळे तिला पिनआत्याच म्हणतात. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक असणार, पण तो 'अगं'वर भागवतो. या नवऱ्याला भाचरं आतोबा म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

आत्याचा एक ताठा होता. कुठल्याही नवरीला तिने आजवर 'जमणार नाही' असं सांगितलेलं नव्हतं. कुणी मासिकाचं कात्रण आणी, कुणी जावेच्या लग्नातला व्हिडिओ. एकीला नाचता येईल अशी आणि तरीही सासूला शालीन वाटेल अशी साडी हवी होती. आत्या डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "होईल." आणि व्हायचंच. सासू शालीन म्हणाली, नवरी नाचली, आणि आत्या भिंतीला टेकून दोघींकडे आपणच जन्म दिल्यासारखी बघत राहिली.

अशा बाईच्या मनात एकच लग्न जपून ठेवलेलं होतं. भावाच्या मुलीचं. ही भाची रांगायची तेव्हापासून आत्याने तिला टॉवेल, उशीचा अभ्रा, जे हाताला लागेल ते नेसवलेलं होतं. "हिला मीच नेसवणार," हे तिने इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की मुलगा ठरायच्या आधीच साडीवाली ठरलेली होती.

मग मुलगा ठरला, आणि भाची फोन घेऊन आली.

फोनवर एक चित्र होतं. भाचीने स्वतःचा आणि होणाऱ्या नवऱ्याचा फोटो फोनमधल्या कसल्याशा यंत्राला दिला होता, चार ओळी टाइप केल्या होत्या, आणि त्याने या दोघांचं लग्न आधीच लावून टाकलं होतं. चेहरे हुबेहूब, उजेड असा की खऱ्या सूर्याला कमीपणा वाटावा. "आत्या, अश्शीच हवीय," भाची म्हणाली. आणि मग जरा चाचरत पुढचं सांगितलं. हॉलवाल्यांकडे साडी नेसवणारी एक बाई आहे, पॅकेजमध्येच येते, तिला हे चित्र पाठवलंय, ती हो म्हणालीय. तेव्हा आत्याला उगाच त्रास नको.

'त्रास नको' हे शब्द आत्याला नेमके पिनेच्या टोकासारखे लागले. तिने चष्मा चढवला. आपण चित्रात चेहरे बघतो. आत्या आधी कापडाची टोकं शोधते.

पदर डाव्या खांद्यावर होता. उजव्याही होता. दोन्ही सारखेच रुंद, दोन्हींना तोच काठ. कमरेच्या निऱ्या सरळ खाली जायच्या त्या मध्येच डावीकडे वळून कुणाला न विचारता पदर झाल्या होत्या. एका मनगटात बांगड्या भरगच्च होत्या, पण नीट बघितलं तर ती एकच बांगडी स्प्रिंगसारखी वर चढत गेली होती. दुसऱ्या मनगटातली शेवटची बांगडी अर्धी कातडीत बुडाली होती. तिच्या गळ्यातला हार पदराखाली शिरून बाहेर आला तो थेट नवरदेवाच्या हारात मिसळून. आणि नवरदेवाचा फेटा म्हणजे नुसते वळसेच. कापड कुठे सुरू झालं, कुठे खोचलं, पत्ता नाही, आणि पाठीवर सोडायचा शेमला कानातून उगवलेला.

दुसरं कुणी असतं तर पोट धरून हसलं असतं. आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग तिने विचारलं, "कुणी नेसवलीय?"

"कुणी नाही गं, यंत्राने बनवलंय."

आत्याने मान डोलावली. हलवायाला दुसऱ्या हलवायाच्या पेढ्याची कृती विचारावी आणि त्याने 'काही नाही हो, नुसता खवा' म्हणावं, तेव्हा विचारणारा जशी मान डोलावतो तशी. तिची खात्री पटली की जगात कुठेतरी एक बाई आहे, जिला आपल्यापेक्षा जास्त येतं.

"होईल," ती म्हणाली. "त्या हॉलवालीला कळवून टाक, नको म्हणून."

त्या दिवसापासून आतोबांच्या हालांना सुरुवात झाली. निवृत्त माणूस, अंगापिंडाने भाचीएवढाच उंच, घरात फुकट उपलब्ध. आत्या त्यांना पाटावर उभं करी आणि भाचीने तिच्या फोनवर पाठवलेलं चित्र समोर टेकवून साडी गुंडाळत बसे. आतोबा वर्तमानपत्र वाचत उभे राहत आणि अग्रलेखाच्या मध्यावर त्यांना गिरकी घ्यावी लागे. एकदा दार वाजलं, तसे ते लाजेने आत पळाले. पण पदर पिनेने खुर्चीच्या कापडालाही टाचला गेला होता, त्यामुळे ते खुर्चीसकट पळाले.

अडचण साधी होती. साडीला टोकं दोनच. एक कमरेला खोचायचं, दुसरं खांद्यावर टाकायचं. दोन्ही खांद्यांवर गेली तर कमरेला धरणार काय? आत्याने मग एकसारख्या दोन साड्या घेतल्या आणि एक दुसरीत लपवली. त्यात आतोबांचा घेर असा वाढला की ते दारातून आडवे जाऊ लागले. बांगड्यांसाठी तिने खरोखरच एक स्प्रिंग मिळवली. फेट्याचा शेमला कानामागून काढला, तर आतोबांना त्या कानाने ऐकू येईना. लग्नाच्या तयारीचे दिवस असल्याने त्यांनी तक्रार केली नाही.

समोरून मात्र जमत आलं होतं. मागचं काही कळेना. म्हणून आत्या चित्र घेऊन स्टुडिओवाल्याकडे गेली, मोठं करून द्या म्हणाली. स्टुडिओवाला भला माणूस. रोज कुणी ना कुणी असली चित्रं घेऊन त्याच्याकडे येतं, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. त्याने तिला स्टुलावर बसवून समजावलं. या यंत्राने लग्नांचे लाखो फोटो पाहिलेत. खांद्याजवळ काय दिसतं, मनगटाजवळ काय दिसतं, याचा त्याला अंदाज आहे. त्या अंदाजाने ते तसंच दिसणारं काहीतरी रंगवतं. पण साडी म्हणजे एक सलग कापड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हे त्याच्या ध्यानात राहीलच असं नाही. अलीकडे चुका कमी होतात, पण झाल्या की जिथे एक गोष्ट दुसरीखाली जाते तिथेच व्हायच्या.

"म्हणजे नेसवणारी बाई नाहीच?" आत्याने विचारलं.

"कुणीच नाही, आत्या. साडीसुद्धा नाही."

"मग मागून कशी आहे ते दाखवा."

"मागचं असं काही नाहीच. मागितलं तर ते नव्याने बनवेल." त्याने मागितलं. पडद्यावर पाठमोरी नवरी आली. साडीचा रंग तोच, काठ मात्र दुसराच, पदर एकच, आणि वेणी खाली जाता जाता निऱ्यांत विरघळलेली. मग त्याने बांगड्या नीट करायला सांगितल्या, तर बांगड्या सुधारल्या आणि हार नाहीसा झाला.

आत्याने दोन्ही चित्रं शेजारी धरून कितीतरी वेळ बघितली. "ही दुसरीनेच नेसवलीय," ती म्हणाली. "पहिलीचा हात नाही हा."

स्टुडिओवाल्याने हात टेकले.

लग्नाच्या आठवडाभर आधी भाची रंगीत तालमीला आली. आत्याच्या खोलीत आरशासमोर दोन साड्या, मूठभर पिना आणि एक स्प्रिंग यांच्या साहाय्याने चित्र उभं राहिलं. खरंच राहिलं. भाची आरशात बघून हरखली. समोर नवरदेव म्हणून आतोबा, कानामागून शेमला सोडून, हाताची घडी घालून उभे. आत्याने भाचीच्या हातात एक जुना हार दिला. "घाल त्यांच्या गळ्यात."

भाचीने दोन्ही हात वर केले. दोन पदर, दोन खांदे, आणि मागे दोन्ही पदरांना जोडणारी एकच मोठी पिन. हात खांद्याच्या वर गेले आणि कापडाने हिशेब मागितला. पिन सुटली, उजवा पदर डाव्याला घेऊन खाली आला, आतल्या साडीने बाहेरचीची साथ धरली, स्प्रिंग उडून फेट्यात अडकली. हार अर्धवट आतोबांच्या नाकावर. भाची साड्यांच्या ढिगात उभी, आणि आतोबा, ज्यांना एका कानाने काहीच ऐकू आलं नव्हतं, विचारत होते, "घातला का?"

भाची हसता हसता खाली बसली. आत्या हसली नाही. "मला जमलं नाही," ती म्हणाली. हे वाक्य त्या खोलीत कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे भाचीचं हसू जागीच थांबलं. आत्या साड्या गोळा करायला लागली. "हॉलवालीला फोन कर. तिला येत असेल."

भाचीने तिचा हात धरून ठेवला. मग पहिल्यांदाच नीट सांगितलं. तिला पदराचं काही नव्हतं. कितीही पदर चालले असते. ती उंच, मुलगा तिच्याहून बोटभर बुटका. शाळेपासून ती खांदे पाडून चालते, फोटोत तर कमानच होते. आणि त्या चित्रात... "त्यात माझी मान ताठ आहे, आत्या. म्हणून अश्शीच म्हणत होते."

आत्याने फोन घेतला आणि चित्राकडे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चेहऱ्याच्या बाजूने पाहिलं. मग चष्मा काढला.

"एवढंच ना? मग दोन साड्या कशाला," ती म्हणाली. "ऊठ. चालून दाखव, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

भाची चालली, नेहमीसारखी, खांदे पुढे टाकून. आत्याने एकच साडी नेसवली. पदराच्या घड्या नेहमीपेक्षा चार बोटं मागे नेल्या, भाचीला ताठ उभं केलं आणि त्या ताठपणात खांद्यावर मागच्या बाजूला पिन लावली. आता सरळ उभं राहिलं तर साडी लोण्यासारखी. खांदे पाडले की पदर मागून खेचणार. भाचीने पोक काढून पाहिलं आणि लगेच सरळ झाली.

"टोचत नाही ना?"

"नाही. कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं वाटतं."

लग्नाच्या दिवशी हॉल भरलेला होता. माणसं चेहरे बघत होती, आत्या खांदा बघत होती. भाची हार घेऊन नवरदेवासमोर आली आणि सवयीने वाकली, त्याच्या उंचीत यायला. पदराने मागून ओढ दिली. ती सरळ झाली, पूर्ण उंचीला, तशीच त्याच्याकडे बघून हसली आणि हात वर केले. नवरदेवाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तरी त्याची काही तक्रार दिसली नाही. निऱ्या जागच्या हलल्या नाहीत. हार गळ्यात पडला.

"डोळे पुस," आतोबा हळूच म्हणाले. "लोक बघतायत."

"तुम्ही गप्प बसा हो," आत्या म्हणाली. "मी काठ बघतेय."