टँकर संध्याकाळी आला तेव्हा

उदगीर जिल्हा होणार की नाही, यावरून आमच्या वॉर्डात त्या उन्हाळ्यात रोज भांडण पेटायचं. वॉर्ड म्हणजे लातुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा लांबोडका हॉल. मी तिथं समुपदेशक होते. प्यायला पाणी नव्हतं, आंघोळ एक दिवसाआड होती, रेल्वेनं पाणी येणार म्हणून लोक स्टेशनावर नुसतेच बघायला जात होते, आणि आमचे पेशंट खाटांवर बसून जिल्ह्याच्या सीमा आखत होते. मला ते बरं वाटायचं. भांडणारा माणूस निदान जागा असतो.

माझं डोकं फिरायचं ते पाहुण्यांमुळे. कुणी ना कुणी पांढऱ्या कपड्यातला यायचा आणि "मन खंबीर ठेवा, सगळं मनावर आहे" असं सांगून चहा पिऊन जायचा. मनावर असतं तर एवढ्या खाटा कशाला टाकल्या असत्या! आमचे डॉक्टर असं बोलायचे नाहीत. दर शनिवारी ते पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवायचे आणि सुरुवातीलाच विचारायचे, "पहिल्या-पहिल्यांदा पिताना चांगलं वाटलं होतं ना? खरं सांगा." बायका मान खाली घालायच्या, पुरुष हसायचे. मग डॉक्टर म्हणायचे, "वाटणारच. ते खोटं नव्हतं."

मेंदूत खोल एक वाट असते, असं ते सांगत. भाकरी, पाणी, मायेचं माणूस, असं जगायला लागणारं काही मिळालं की ते लक्षात राहावं म्हणून ती असते. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त चांगलं काही मिळालं, की त्या वाटेवर डोपामीन नावाचं रसायन सुटतं. लोकांना वाटतं डोपामीन म्हणजे मजा. तसं नाही. मजा बरीचशी येते ती मेंदू स्वतःच तयार करतो त्या अफूच्या जातीच्या रसायनांमुळे. डोपामीन सांगतं, "हे चांगलं होतं, नीट लक्षात ठेव, पुन्हा कर." दारू ही दोन्ही रसायनं सुटायला लावते आणि वर काळजीचा गलबलाही कमी करते. रक्तात दारू चढत असते तेवढा वेळ तरतरी येते, जीभ सुटते. ती उतरायला लागली की मरगळ. म्हणून माणूस दुसरा ग्लास भरतो, तिसरा भरतो, पण ती पहिली चढण काही तशीच पुन्हा सापडत नाही.

त्या वेळी आमच्याकडे एक टँकरचा ड्रायव्हर होता. उदगीरकडचा, चाळिशीच्या आतला, बोलका. स्वादुपिंडाला सूज येऊन मरता मरता वाचला होता. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच त्याच्या बायकोला सांगितलं होतं, "पुन्हा प्यायला लागला तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका, उपयोग होणार नाही." तीन आठवडे झाले होते. हात थरथरायचे थांबले होते, जेवण जात होतं, झोप लागत होती. दारूची आठवणसुद्धा येत न्हाई, म्हणायचा. "ताई, बाटली आणून ठिवा म्होरं. हात लावला तर नाव बदला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी सोडायचं होतं. आमच्याकडे पद्धत होती, घरी जायच्या आदल्या दिवशी घरचं माणूस यायचं आणि सगळ्या वॉर्डासाठी काहीतरी करून आणायचं. त्याची बायको दुपारच्या एसटीनं आली. देगलूरकडची, बारीक चणीची, फारसं न बोलणारी. तिनं डबा उघडला. खारे शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, वरून लिंबू पिळलेलं. "ह्यांना लई आवडतंय," ती म्हणाली. बाकीच्यांनी हात घातले. त्यानं एक घास घेतला आणि डबा बाजूला सारला. मला वाटलं, पोट भरलं असेल.

एरवी आमचा टँकर सकाळी यायचा. त्या दिवशी भरण्याच्या विहिरीवर रांग होती म्हणून तो ऊन कलल्यावर आला. वॉचमननं फाटक उघडलं. टँकर मागं घेत हौदाशी लावला, इंजिन चालूच ठेवलं, पाइप सोडला. तापलेल्या फरशीवर पाणी सांडलं, डिझेलचा आणि ओल्या रबराचा वास आला. टँकरवरचा ड्रायव्हर आमच्या पेशंटच्या ओळखीचाच निघाला, एकाच मालकाकडं होते. त्यानं खिडकीतून हात केला. "काय रे, हितं हायस व्हय! चल की येतोस का, शेवटची खेप हाय." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. भेटलेल्या माणसाला काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

आमचा माणूस ओट्यावर उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. कपाळावर घाम डवरला होता. तो सारखा थुंकी गिळत होता. नजर पाइपावर खिळलेली.

"मी जरा जाऊन येतो," तो म्हणाला. "पाटीवरल्या लोकांना भेटून येतो, टँकर भरतो तितल्या. मोटरसायकल तितंच हाय माझी."

"मोटरसायकल सकाळी आणता येईल," मी म्हटलं.

"आत्ता येतो म्हनलं ना!" तो ओट्यावरून उतरला. तीन आठवड्यांत त्यानं पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला होता. डॉक्टर नांदेडला गेलेले, फाटक सताड उघडं, आणि आमचं केंद्र काही तुरुंग नव्हतं. स्वतःच्या पायानं जायचं म्हटलं तर मी त्याला धरून ठेवू शकत नव्हते.

बायको उठली. "कळलं," ती म्हणाली. "समदं नाटक होतं. तुमाला सोडायचंच न्हाई. मनच न्हाई तुमचं." ती त्याच्याकडं न बघता पिशवी भरायला लागली.

मला दोघांचाही राग आला. पण रागानं त्या क्षणी काय होणार होतं? मी मध्ये जाऊन उभी राहिले. "दादा, पाटीवर कुठं बसता तुम्ही?"

त्याची नजर पुन्हा पाइपाकडं गेली.

"टँकर भरताना बसता ना? शेवटच्या खेपेला. पाइप आत सोडायचा, इंजिन चालू, आणि विहिरीमागं बसायचं. बरोबर?"

"हाव."

"खायला काय असतं?"

त्यानं डब्याकडं पाहिलं. त्याच्या बायकोनंही पाहिलं. तिचा हात पिशवीतच थांबला.

"बसा इथं," मी म्हटलं. "अर्धा तास. मग जायचं तर जा, मी आडवी येणार नाही. ताई, तुम्हीपण बसा." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा कडक निघाला असावा. तो बसला. पाठीमागं पाणी धबाधबा कोसळतच होतं.

मी शनिवारी डॉक्टर सांगायचे तेच माझ्या भाषेत सांगितलं. सुरुवातीला डोपामीन दारू प्यायल्यावर सुटत होतं. पण रोज आधी इंजिन, मग पाइप, मग कांदा-शेंगदाणे आणि मग ग्लास. मेंदूला ग्लासाची वाट बघायची गरजच राहिली नाही. आता त्याला पाइपाचा आवाज पुरतो. बाटली समोर ठेवली नाही तरी शरीर तयार होतं, तोंडाला पाणी सुटतं. आणि मेंदूनं ग्लास गृहीत धरला पण तो आलाच नाही, की डोपामीन एकदम खाली जातं. ती चिडचिड, ती तगमग हीच. "इथं वॉर्डात तुम्हाला आठवण आली नाही, कारण इथं टँकर सकाळी यायचा, संध्याकाळचा पाइप नव्हता. तुम्ही नाटक करत नव्हता," मी म्हटलं, आणि हे वाक्य मी त्याच्या बायकोकडं बघून म्हटलं.

"मग लई वर्सांत मजा तर आलीच न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "पयल्या उन्हाळ्यात यायची. दिसभर शिव्या खायच्या, बाया हंडे घिऊन अंगावर यायच्या. सांजच्याला एक पेग मारला की वाटायचं, आपण बी कोणीतरी हाव. आता पितो ते नुसतं थरथर थांबाया. तरीबी वढ अशी की जीव जाईल."

"ओढ वेगळी आणि मजा वेगळी," मी म्हटलं. "मजा संपते. ओढ शिकलेली असते, ती राहते."

मग त्याची बायको बोलली, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं. "पयले ते घरी बसून प्यायचे, म्याडम. थोडीच. मी दाणे परतून द्यायची. तवा लई हसायचे. माझ्याशी बोलायचे. तसं नंतर कदी बोलले न्हाईत." तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हनून आनले मी आज. मला वाटलं, तसेच हसतील."

इतकी वर्षं समुपदेशकाच्या खुर्चीवर बसून मी बायकांचे हाल ऐकले होते, पण पहिले ग्लास त्यांनाही गोड लागलेले असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तीही शिकलीच होती की. दाणे परतले की नवरा बोलतो.

हौद भरला. पाइप काढला. टँकरवरच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, "येतोस का न्हाई?"

तो उठून उभा राहिला. बायको जागची हलली नाही, तिनं डोळे मिटून घेतले. मी दिलेला शब्द पाळायचा म्हणून गप्प राहिले, आणि तेवढं गप्प राहणं मला आयुष्यात कधी जड गेलं नसेल. तो फाटकाकडं दोन पावलं गेला.

मग थांबला. "जा तू," त्यानं ओरडून सांगितलं.

टँकर गेला. वॉचमननं फाटक लावलं, आणि तो परत येऊन ओट्यावर बसला. आवाज कमी झाला तसा त्याचा श्वास हळूहळू जागेवर आला. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता.

"ताई, हे पुसून जातं का कदी?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. "पुरतं पुसत नाही. ओढ उठली आणि दारू दिली नाही, असं उपाशी ठेवत गेलं की मंद होत जातं. पण नव्या जागी, नव्या दिवशी पुन्हा उठू शकतं."

"आमच्या गल्लीत बी टँकर येतो," त्याची बायको म्हणाली. "रोज सांजच्याला."

त्यानं स्वतः टँकर चालवायचं सोडलं तरी पाऊस पडेपर्यंत टँकर येणारच होता, आणि तिलाच त्याच्याखाली हंडा धरायला जावं लागणार होतं.

तो तिच्याकडं वळला. "तू तितं घागर भरशील तवा मी तुला सांगीन. आत्ता प्यावं वाटून राहिलंय, असं सांगीन. आत्ता बी वाटून राहिलंय."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "लग्नाला इतकी वर्सं झाली," ती नंतर मला म्हणाली, "मला नेहमी वासानंच कळायचं. आदी कदी त्यांनी सांगितलं नव्हतं." त्या वेळी मात्र ती ओट्यावर त्याच्या शेजारी सरकून बसली आणि विचारलं, "लई?"

"हाव," तो म्हणाला. "लई."