आधी खरवडायचं, मग रंगवायचं

माझे धाकटे दीर रंगारी आहेत. बरोबरीचे रंगारी त्यांना 'पॉलिश पेपर' म्हणतात. भिंत ताब्यात आली की भावोजी आधी ती घासतात, मग खरवडतात, मग पुन्हा घासतात, आणि घरमालकाला प्रश्न पडतो की आपण रंग द्यायला माणूस बोलावला की घर पाडायला! जुन्या रंगावर नवा रंग चढवणारा माणूस त्यांच्या लेखी चोर. "वहिनी, खालचं पूर्ण काढल्याशिवाय वरचं धरत नाही," हे वाक्य मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकतेय. आता कान किटलेत.

माझं औषधाचं दुकान आहे. ते सुरू केलं यांनी, म्हणजे भावोजींच्या थोरल्या भावानं. दुकानावर 'औषधे' अशी पाटी यांनी स्वतःच्या हातानं रंगवली, कारण सख्खा भाऊ रंगारी असताना त्याला विचारायचं नाही हा यांचा बाणा. शेवटचं 'धे' दारू प्यायल्यासारखं उजवीकडे कललंय. ती पाटी खरवडून नवी लिहायची भावोजींची फार इच्छा. पाच वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून मी सांगितलंय, पाटीला हात लावलात तर हात मोडून ठेवीन.

हे असताना सुट्टीच्या दिवशी भावोजींची शिडी धरायला जायचे. हे गेले आणि भावोजी हळूहळू आतून विझत गेले. दोन वर्षांपूर्वी तर आठ महिने पलंगावरून उठले नाहीत. ब्रश डब्यात वाळून दगड झाले. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, रोज ताट भरून न्यायची आणि तसंच परत आणायची. शेवटी मी आणि तिनं मिळून त्यांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे अक्षरशः ओढत नेलं. गोळी सुरू झाली. पाच-सहा आठवड्यांनी भावोजींनी एक दिवस आपण होऊन दाढी केली. जाऊ स्वयंपाकघरात जाऊन हमसाहमशी रडली, आणि मग तिच्यावरच ते साबण कुठे ठेवलास म्हणून ओरडले. त्या ओरडण्याचं आम्हाला केवढं कौतुक!

पण त्या गोळीनं दुसरी गंमत केली. भावोजी फुगायला लागले. दुपारी जांभया, संध्याकाळी जांभया, शिडीची तिसरी पायरी कुरकुरायला लागली. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी बदलूया. त्याच जातीची, पण दुसरी. कागदावर नीट लिहून दिलं: पहिले दोन आठवडे जुनी अर्ध्या ताकदीची, बरोबर नवी अगदी लहान, मग नवी थोडी वाढवायची, जुनी आणखी कमी, मग जुनी बंद.

भावोजी तो कागद घेऊन माझ्या दुकानात आले. नवी गोळी मी दिली. "जुनी कमी ताकदीची लागेल ना?" म्हटलं. "घरात आहेत, अर्ध्या करून घेतो," म्हणाले. आणि मी, वीस वर्षं गल्लीभर लोकांना 'गोळी मधेच सोडू नका हो' म्हणून दम देणारी बाई, घरच्या माणसाला पुढे एक अक्षर विचारलं नाही. काउंटरवर गर्दी होती, एवढंच माझ्याकडे निमित्त आहे.

चौथ्या दिवशी सकाळी वायरमन तणतणत दुकानात आला. "तुमच्या दिराला आवरा हो! पॉलिश पेपरनं मला कामावर बोलावलं, म्हणे शिडीतून करंट येतोय. मी अख्ख्या घराचं वायरिंग तपासलं. काही नाही! तर म्हणे नीट बघ, मान वळवली की झटका बसतो. अहो, मान वळवल्यावर कुठल्या घराचं वायरिंग झटका देतं?"

मला हसू आलं. मग ते आपोआप थांबलं. मान वळवली की झटका. हे मी कुठेतरी वाचलं होतं.

दुपारी मी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेले. दार जाऊनं उघडलं. तिचं तोंड उतरलेलं. "ताई, काल साबणाच्या जाहिरातीवर रडले हो. साबणाच्या! आणि सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून कप आपटला. रात्रभर स्वप्नात बडबडतात. जेवण बघितलं की मळमळतंय म्हणतात."

भावोजी भिंतीला टेकून बसले होते. घामानं शर्ट ओला. माझ्याकडे डोळे वळवले आणि दचकले.

"बसला का झटका?" मी विचारलं.

"बसला. वहिनी, ते परत आलं. मला कळलंय. शिडी मी देऊन टाकली."

"कुणाला?"

"पलीकडच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला. आता मी काही चढत नाही. गोळीनं काही होत नाही, मी असाच राहणार."

ते आठ महिने, ते परत येणारं ताट, सगळं एकदम समोर आलं. शिडी दिली म्हणजे माणसानं स्वतःलाच देऊन टाकलं. पण मी दुकानदार बाई, डोळे आधी खिशाकडे गेले. शर्टाच्या खिशात नव्या गोळीची पट्टी होती. मी ती ओढून काढली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"भावोजी, हे काय? आणि जुन्या कुठायत?"

त्यांनी बोटानं दाखवलं. कोपऱ्यात रंगाचा रिकामा डबा, झाकण घट्ट ठोकून बसवलेलं. आत जुन्या गोळ्या.

"नवीन लावायचं तर जुनं पूर्ण काढायला पाहिजे ना," भावोजी म्हणाले. "पंधरा दिवस अंग कोरडं होऊ दिलं, की मग नवी धरेल. डॉक्टरीणबाईंना काय माहीत, त्यांनी कधी भिंत खरवडलीय?"

आता माझा ताबा सुटला. "अहो, डोकं आहे का भिंत? स्वतःलाच घासून काढलंत की तुम्ही!" जाऊ हसायला लागली, मग रडायला लागली, मग भावोजीही रडायला लागले, कारण त्या दिवसांत त्यांना कशाचंही रडू यायचं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तासाभरात आम्ही तिघं त्यांच्यासमोर.

बाई वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण तोंडानं पक्क्या. आधी त्यांनी जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का हे सरळ विचारलं. भावोजी नाही म्हणाले. मग म्हणाल्या, "काका, दोन वर्षांपूर्वी पलंगावर होतात, तेव्हा डोक्यात झटके बसत होते?"

"नाही."

"खोली फिरत होती?"

"नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं."

"मग हा तो आजार नाही. आजार उलटला तर सहसा काही आठवडे जातात, तो हळूहळू येतो. हे गोळी सोडल्यावर तिसऱ्याच दिवशी आलंय, आणि नव्याच तक्रारी घेऊन आलंय. हे गोळी झटक्यात तोडल्याचं आहे."

"म्हणजे मला नशा लागली?" भावोजींनी खालच्या आवाजात विचारलं. मला वाटतं, हीच भीती त्यांना आतून खात होती.

"नशा असती तर तुम्ही जास्त गोळ्या मागितल्या असत्या. तुम्ही तर डब्यात कोंडल्यात!" बाई हसल्या. "हे बघा. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, पेशी एकमेकींना निरोप द्यायला ते वापरतात आणि काम झालं की परत ओढून घेतात. गोळी ते परत ओढणं कमी करते, म्हणून ते पेशींमध्ये जास्त रेंगाळतं. असे महिनेन्‌महिने गेले की मेंदू त्या जास्तीच्या हिशेबानं स्वतःला जुळवून घेतो. आता गोळी एकदम काढलीत. तुमची जुनी गोळी अंगातून फार लवकर निघून जाते, दोन-चार दिवसांत. मेंदूला मात्र परत जुळवून घ्यायला आठवडे लागतात. मधल्या काळात तो धडपडतो. त्यातूनच ही चक्कर, मळमळ, चिडचिड, ती स्वप्नं. झटके नेमके का बसतात ते अजून पूर्ण कळलेलं नाही, पण गोळी तोडली की बसतात एवढं पक्कं."

भावोजी विचारात पडले. "मग सगळ्याच गोळ्यांचं असं?"

"कमी-जास्त. काही हळू निघतात, त्यांचा त्रास कमी. आणि नवी त्याच जातीची, तिनं बराचसा भार उचलला असता. तुम्ही तीही घेतली नाहीत. काही औषधांच्या मधे अंतर सोडावंच लागतं, पण ते मी सांगीन. तुम्ही ठरवायचं नाही."

त्या दिवशी जुनी गोळी पूर्ण ताकदीनं परत सुरू झाली. तोल नीट होईपर्यंत उंचावर चढायची बंदी. दुसऱ्या दिवशी झटके कमी, तिसऱ्या दिवशी भावोजींनी दोन वेळा पोटभर जेवून साखरेवरून पुन्हा भांडण काढलं, पण कप आपटला नाही. स्थिर झाल्यावर बाईंनी बदल पहिल्यापासून सुरू केला, या वेळी आणखी सावकाश. दोन्ही गोळ्या एकत्र असताना ताप, थरथर, फार अस्वस्थपणा वाटला तर लगेच यायचं, हेही बजावलं. आणि मी? मी रोज सकाळी पट्टी बघायला जायचे. भावोजी मला 'इन्स्पेक्टरीणबाई' म्हणायला लागले.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौकोन रंगवले. जुन्या गोळीचा निळा, आठवड्यागणिक फिका होत जाणारा, आणि नवीचा पिवळा, गडद होत जाणारा. मधे कुठेही पांढरी जागा नाही. असं नेटकं काम की जाऊ म्हणाली, ताई, हे चौकटीत लावू का? एका आठवड्यात थोडी चक्कर आली, तर बाईंनी तो टप्पा लांबवला. भावोजींनी कुरकुर न करता दोन चौकोन वाढवले.

निळा संपला त्याच्या महिन्याभरानं, बाईंनी चढायला हरकत नाही म्हटल्यावर, मी सकाळी दुकान उघडायला गेले तर दारात शिडी. पलीकडच्या गल्लीतून परत मागून आणलेली. शेजारी रंगाचा डबा आणि भावोजी.

"काय विचार आहे?" मी कमरेवर हात ठेवले.

"पाटी."

"हात मोडीन म्हटलंय ना मी?"

"खरवडत नाही हो. वरवर पॉलिश पेपर फिरवतो. खालचं दादानं लावलेलं अजून घट्ट आहे, मी काल बघितलंय. त्याच्यावरच चढवतो."

"आणि ते 'धे'?"

भावोजींनी मान वर करून पाटीकडे पाहिलं. मान वळवली आणि काही झालं नाही. "कललेलंच ठेवतो. दादाचं आहे ते," म्हणाले.

मग त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. दुसरा पाय उचलेना. मला वाटलं चक्कर आली. पण ते खाली, शिडीच्या पायथ्याशी बघत होते, जिथे हे उभे राहायचे.

दुकानासमोर दोन गिऱ्हाईकं थांबली होती. एकाला खोकल्याचं औषध हवं होतं, दुसऱ्याला घाई होती. मी म्हटलं थांबा जरा, पदर खोचला, आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"चढा, भावोजी," मी म्हणाले. "धरलंय मी."