एक सेंटही कमी नाही

बटणांच्या कारखान्यातल्या हिशेबनीस ताईंचं डोकं फिरलं होतं. परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे दर वेळी तीस-चाळीस युरो कमीच यायचे. वाटेतली मधली बँक लचका तोडायची. "ताई, गप्प बसा, गिऱ्हाईक तुटेल," मालक म्हणायचे.

यंदा बिलासोबतच्या ईमेलमध्ये ताईंनी रोखठोक लिहिलं: "रक्कम युरोतच पाठवा. पाठवण्याचा खर्च आणि मधल्या बँकांचं शुल्क तुमच्याकडे. आमच्या बँकेचं आम्ही भरू."

चार दिवसांनी पूर्ण चार हजार आठशे युरो जमा झाले. सोबत गिऱ्हाइकाचं उत्तर आलं: "आधीच सांगायचं ना! आम्ही बँकेच्या फॉर्मवर सवयीने 'खर्च ज्याचा त्याचा' यावर खूण करत होतो, म्हणून मधल्या बँकेचं शुल्क तुमच्या रकमेतून कापलं जायचं."

ताईंनी ते छापून मालकांच्या टेबलावर आपटलं. "वाचा," त्या म्हणाल्या, "आणि आता तुम्ही गप्प बसा."