सहाव्या अंड्याचं टरफल

सिंगापूरच्या सेंगकांगमधल्या सुरेखाताई परांजपे बँकेतली नोकरी सोडून घरून केक करतात. स्वच्छतेच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत. अंडी घरी आली की खोकी कचऱ्यात जातात, अंडी पुसून फ्रिजच्या ट्रेमध्ये. पुण्याची सवय, दुसरं काय!

त्या शनिवारी नेहमीच्या गिऱ्हाइकाचा, राधिकाचा, चॉकलेट मूसचा केक सकाळीच पोचता झाला होता. पाच वाजता तिच्या नवऱ्याच्या वाढदिवसाला कापायचा होता. मूसमध्ये अंडी कच्चीच फेटतात, आणि राधिकाला सातवा महिना लागला होता. दुपारी फोनवर सूचना आली: पोलंडच्या एका फार्मची अंडी वापरू नका, त्यांत साल्मोनेलाचे जंतू आहेत. खाली फार्मचा क्रमांक होता.

सुरेखाताईंनी फ्रिज उघडला. ट्रेमधली अंडी त्यांनी एकेक करून उजेडात धरली. टरफलावरच्या शिक्क्यातला पहिला आकडा कोंबड्या कशा पाळल्या ते सांगतो, त्यापुढची दोन अक्षरं देश. काहींवर ES, म्हणजे स्पेन. काहींवर PL, म्हणजे पोलंड, आणि पुढचा क्रमांक नेमका सूचनेतलाच! दोन खोक्यांची सरमिसळ झाली होती. मधल्या दिवसांत किती अंडी आमलेटांत गेली, तेही आठवेना.

नशीब, मूसच्या सहा अंड्यांची टरफलं कढीपत्त्याच्या कुंडीसाठी ओट्यावर वाळत होती. चष्मा पुसून त्यांनी तुकडे जुळवले. पहिलं, ES. दुसरंही. पाचव्यापर्यंत सगळी स्पेनचीच निघाली. सहावं मात्र पांढरंस्वच्छ. त्याला घाण लागलेली म्हणून ते त्यांनीच घासणीने खसाखसा घासलं होतं.

"मम्मी, फाइव्ह आर ओके," मुलगा रुचिर आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. "वन एग ओन्ली, लाह! राधिकाताईला कशाला घाबरवतेस?"

"पाच स्पेनची आहेत म्हणून सहावंही स्पेनचंच, असं कोण म्हणालं? वाचता येत नाही, म्हणजे मला माहीत नाही."

बाईंचा मोठेपणा इथेच आहे. 'शाई पुसट होती', 'छापच नव्हता', असं काहीही सांगता आलं असतं. पण त्यांनी सरळ राधिकाला फोन लावला.

"राधिका, मूस कापू नकोस, कुणालाच देऊ नकोस. पोलंडच्या अंड्यांत साल्मोनेला निघालाय. एका अंड्यावरचा शिक्का माझ्याच हातून धुतला गेला. कुठलं होतं ते मला सांगता येणार नाही."

सुरेखाताईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या निम्म्या ऑर्डरी राधिकाच्या मैत्रिणींच्याच असत.

"काकू," राधिका म्हणाली, "मी आत्ता चमचा घेऊन बसले होते. पाचपर्यंत धीरच धरवेना."

"खाल्लंस?"

"नाही. फोन वाजला म्हणून चमचा खाली ठेवला."